अर्धे फिनॉल परत का येई?

१८७४ साली लाइपझिगच्या प्राध्यापक हेर्मान कोल्बेने सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची नवी कृती छापली. कृती सोपी आणि स्वस्त होती. वर्ष सरण्याआधीच ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइल गावी तिच्यावर कारखाना उभा राहू लागला. मात्र तिच्यात एक खोट होती आणि ती कोल्बेने लपवली नव्हती. भांड्यात जेवढे फिनॉल घालावे त्याचे निम्मे जसेच्या तसे वाफ होऊन बाहेर पडे. आच कमी-जास्त केली, कार्बन डायऑक्साइड कितीही वेळ सोडला, तरी हिशेब निम्म्यावरच येऊन थांबे.

चुकून वाया जाणारा माल असा मोजून वाया जात नाही. इतका नेमका निम्मा भाग परत येतो तेव्हा त्यामागे रासायनिक कारण असते. ते कारण शोधून निम्मे फिनॉल वाचवायला आणखी दहा वर्षे लागली, आणि ते काम कोल्बेच्या हातून नव्हे, त्याच्या जुन्या विद्यार्थ्याच्या हातून झाले. बारावीच्या पुस्तकात ही अभिक्रिया दोन ओळींत उरकते. तिच्यामागची पंचवीस वर्षे पाहिली, तर फिनॉलचे वलय इतक्या सहज का बदलते आणि नवा गट नेमका शेजारच्या कार्बनवरच का बसतो, हे दोन्ही समजते.

सुरुवात झाडापासून आहे. विलोच्या, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाच्या सालीत सॅलिसिन नावाचा कडू पदार्थ असतो. राफाएले पिरिया या इटालियन रसायनज्ञाने १८३८ साली त्याच्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले. पुढे विंटरग्रीनच्या सुगंधी तेलातूनही तेच आम्ल निघाले. दुसरीकडे फ्रीडलीब रुंगेला १८३४ साली दगडी कोळशाच्या डांबरात एक जळजळीत, उग्र वासाचा पदार्थ सापडला होता. त्याने त्याला कार्बोलिक आम्ल म्हटले. आज आपण त्यालाच फिनॉल म्हणतो. साल आणि डांबर यांचा संबंध लवकरच उघड झाला. सॅलिसिलिक आम्ल जोराने तापवले की ते फुटते आणि त्यातून फिनॉल व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात.

कोल्बेच्या मनात हे घर करून बसले. १८४५ साली त्याने निव्वळ निर्जीव कच्च्या मालापासून ॲसिटिक आम्ल बनवून दाखवले होते, आणि १८५९-६० च्या सुमारास त्याचे मत ठाम झाले होते की सेंद्रिय आम्ले ही मुळात कार्बोनिक आम्लाचीच रूपे आहेत. त्याच सुमारास वँकलिनने सोडियम इथाइलवर कार्बन डायऑक्साइड सोडून प्रोपिऑनिक आम्ल मिळवले होते. मग जे आम्ल फुटून फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइड देते, ते याच दोघांना जोडून का बनू नये? मारबुर्गच्या प्रयोगशाळेत कोल्बे आणि एडुआर्ड लाउटेमान यांनी कोमट फिनॉलमध्ये सोडियम धातूचे तुकडे टाकत त्यातून कार्बन डायऑक्साइडचा झोत सोडला. सॅलिसिलिक आम्ल मिळाले. १८६० साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. पण सोडियम धातू महाग होता, आणि त्यातून धंदा उभा राहणार नव्हता. तेरा-चौदा वर्षे हा प्रयोग नुसता कागदावर राहिला.

इथे थोडे थांबून त्या भांड्यात काय घडत होते ते पाहू. कोल्बेला ते सांगता आले नसते, कारण इलेक्ट्रॉनचा शोधच अजून लागायचा होता.

बेन्झिनचे वलय तसे हट्टी. त्यावर ब्रोमिन बसवायचा तर लोखंडासारखा मदतनीस लागतो, आणि तेवढे करूनही सहसा एकच ब्रोमिन बसतो. फिनॉलच्या पाण्यातल्या पातळ द्रावणात मात्र ब्रोमिनचे पाणी थेंबभर टाकले, की तांबूस रंग तत्क्षणी नाहीसा होतो आणि पांढरा साका उतरतो. मदतनीस नाही, आच नाही, आणि तरी वलयावर तीन-तीन ब्रोमिन बसतात. ज्याने परीक्षानळीत हे एकदा पाहिले आहे, त्याला फिनॉल आणि बेन्झिन यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा फरक ऑक्सिजनमुळे पडतो. त्याच्याजवळ न वापरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात, आणि त्यातली एक वलयाच्या इलेक्ट्रॉनांत मिसळते. ती सगळीकडे सारखी पसरत नाही. ऑक्सिजन ज्या कार्बनवर बसला आहे त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांपाशी आणि बरोबर समोरच्या कार्बनपाशी तिचा भार जास्त पडतो. शेजारच्या जागांना ऑर्थो म्हणतात, समोरच्या जागेला पॅरा. मधल्या दोन जागा, म्हणजे मेटा, या लाभापासून दूर राहतात. इलेक्ट्रॉनांच्या शोधात आलेला पाहुणा ऑर्थो किंवा पॅरा जागी बसला, तर त्या क्षणी वलयावर येणारा धन भार ऑक्सिजन स्वतःवर घेऊ शकतो. त्यामुळे मधला टप्पा ओलांडायला फार ऊर्जा लागत नाही. शेवटी त्या जागेचा हायड्रोजन निघून जातो आणि वलय पूर्ववत होते.

ब्रोमिनला एवढे पुरते. कार्बन डायऑक्साइडला पुरत नाही. त्याच्या मधल्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची थोडी ओढ असते खरी, पण फार थोडी. साध्या फिनॉलकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्यासाठी फिनॉलमधला हायड्रोजन काढून तिथे सोडियम आणावा लागतो, म्हणजे फिनॉक्साइड बनवावे लागते. मग ऑक्सिजनवर पूर्ण ऋण भार असतो आणि त्याचा काही हिस्सा ऑर्थो व पॅरा कार्बनवर उतरतो. आता वलयातला कार्बन स्वतःच कार्बन डायऑक्साइडवर चालून जातो. सोडियमचे तुकडे टाकताना कोल्बे नकळत हेच फिनॉक्साइड बनवत होता.

१८७४ च्या कृतीत त्याने हेच स्वस्तात साधले. सोडियम धातूऐवजी कॉस्टिक सोडा घेतला. फिनॉल आम्लधर्मी असल्यामुळे कॉस्टिकमध्ये विरघळून सोडियम फिनॉक्साइड होते, पण त्याबरोबर पाणीही तयार होते. ९४ ग्रॅम फिनॉल आणि ४० ग्रॅम कॉस्टिक एकत्र आले की ११६ ग्रॅम फिनॉक्साइड आणि १८ ग्रॅम पाणी बनते. शिवाय कॉस्टिक ज्या पाण्यात विरघळवले ते वेगळेच. ते सगळे पाणी हाकलणे हा या कृतीचा सर्वांत कष्टाचा भाग होता. द्रावण लोखंडी भांड्यात आटवायचे, घट्ट होऊ लागले की सारखे ढवळत राहायचे, ढेकळे होऊ द्यायची नाहीत, आणि शेवटी कोरडी भुकटी उरेपर्यंत आच सोडायची नाही. ही भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ती लगेच वापरावी लागते.

पाण्याची एवढी धास्ती का? फिनॉल आम्लधर्मी आहे, पण कार्बोनिक आम्लाहून दुबळे. फिनॉक्साइड ओले असले तर कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्लासारखा वागतो, फिनॉक्साइडला आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि सोडियम बळकावून बायकार्बोनेट होऊन बसतो. आपल्याला हवे असलेले फिनॉक्साइड पुन्हा साधे फिनॉल होते. वलयावर काही बसायच्या आतच खेळ संपतो. माझ्या मते या साऱ्या अभिक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे: ज्या वायूने वलयाला जोडले जायचे, तोच पाण्याच्या सोबतीने वलयाची ताकद काढून घेतो. भुकटी नीट वाळली नसेल तर ते ओळखायलाही वेळ लागत नाही. तापवायला लागताच, फार लवकर, फिनॉलचा वास सुटतो, आणि शेवटी हाती येणारे आम्ल अपेक्षेहून बरेच कमी भरते.

कोरडी भुकटी बकपात्रात घालून कोल्बे ती आधी शंभर अंशांपर्यंत तापवे. मग कोरडा कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात करी आणि काही तासांत आच हळूहळू १८० अंशांवर नेई. त्या सुमारास पात्राच्या मानेतून फिनॉल ठिबकू लागे. शेवटी आच २२० ते २५० अंशांवर नेली, आणि तिथेही फिनॉल येणे थांबले, की अभिक्रिया पुरी झाली असे धरायचे. पात्रात उरलेला करड्या रंगाचा गोळा पाण्यात विरघळवायचा आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे. आधी डांबरट तपकिरी मळ वेगळा होतो. तो गाळून काढला आणि आणखी आम्ल घातले, की सॅलिसिलिक आम्लाचे बारीक स्फटिक खाली बसतात.

पात्रात उरलेला पदार्थ दोन सोडियम असलेला सॅलिसिलेट आहे, हे कोल्बेने ताडले. आजच्या चिन्हांत मांडले तर हिशेब असा:

2 C6H5ONa + CO2 → C6H4(ONa)COONa + C6H5OH

म्हणजे २३२ ग्रॅम फिनॉक्साइडने ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतला, तर १८२ ग्रॅम मीठ मिळते आणि ९४ ग्रॅम फिनॉल सुटते. त्या मिठातून फार तर १३८ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल निघेल. सुरुवातीला मात्र १८८ ग्रॅम फिनॉल घातलेले असते. निम्मे परत येते ते असे.

यामागची घडामोड अशी आहे. फिनॉक्साइडच्या ऑर्थो कार्बनवर कार्बन डायऑक्साइड बसला, की त्याच कार्बनवर आधीचा हायड्रोजनही अजून असतो. तो तिथून हलून ऑक्सिजनवर गेला तर एका सोडियमचा सॅलिसिलेट बनून काम तिथेच संपायला हवे. पण शेजारी न बदललेले फिनॉक्साइड असते, आणि तो हायड्रोजन त्याच्याकडे जाऊ शकतो. तसे झाले की फिनॉक्साइडचे फिनॉल होते आणि सॅलिसिलेटला दुसरा सोडियम मिळतो. ही देवाणघेवाण खरे तर उलट्या दिशेला जास्त झुकणारी आहे, कारण सॅलिसिलेटचा तो हायड्रोजन सहज सुटणारा नाही. पण फिनॉल १८२ अंशांवर उकळते, आणि कोल्बेचे पात्र त्याहून तापलेले व उघडे होते. सुटलेले प्रत्येक फिनॉल मानेतून निघून जाई आणि परतीची वाट बंद होई. त्यामुळे झुकाव नसतानाही सगळी अभिक्रिया त्याच बाजूला ओढली जाई. निम्म्याचा नेम या पळून जाण्यातून आला होता.

दुसरे कोडे जागेचे होते. ऑर्थो आणि पॅरा दोन्ही जागांवर ऋण भार उतरतो, तर कार्बन डायऑक्साइड समोरच्या मोकळ्या जागी न जाता ऑक्सिजनला खेटून, दाटीवाटीत का बसतो? गंमत अशी, की ऑर्थो म्हणजे काय हेही तेव्हा नुकतेच ठरत होते. केकुलेने १८६५ साली बेन्झिनचे वलय सुचवले होते, आणि वलयावरची कोणती जागा कोणती हे मिलानच्या विल्हेल्म कोर्नरने १८७४ सालीच पद्धतशीर सिद्ध केले. कोल्बेला ते वलय मान्य नव्हते. अणू अवकाशात कसे मांडलेले आहेत याचे चित्र काढणे म्हणजे कल्पनेचे मनोरे बांधणे, असे त्याचे मत होते. १८७७ साली तरुण व्हान्ट हॉफवर त्याने जी जहरी टीका केली, ती याच कारणाने. शेवटपर्यंत तो बदलला नाही. तरीही या जागेच्या कोड्यातला सर्वांत मोठा दुवा त्याच्याच प्रयोगशाळेने दिला.

तो दुवा म्हणजे पोटॅशियम. सोडियमऐवजी पोटॅशियम फिनॉक्साइड घेतले, तर दीडशे अंशांच्या आत सॅलिसिलिक आम्लच मिळते. आच वाढवत नेली की त्याच्याबरोबर दुसरेच आम्ल येऊ लागते, आणि २२० अंशांच्या सुमारास जवळजवळ सगळे तेच असते. हे पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झोइक आम्ल. कोल्बेचा विद्यार्थी हेर्मान ओस्ट याने हे पुढे तपासले. नुसता पोटॅशियमचा सॅलिसिलेट तापवला तरी तो फुटतो, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड पॅरा जागी जाऊन बसतो. सोडियमच्या बाबतीत असे होत नाही. तितक्याच आचेवरही ऑर्थोच कायम राहतो.

दोन आम्ले ओळखायला तेव्हा फेरिक क्लोराइडचे द्रावण पुरत होते, आजही पुरते. सॅलिसिलिक आम्लाच्या द्रावणात त्याचा थेंब टाकला की गडद जांभळा रंग येतो. पॅरा आम्लात जांभळा येत नाही, पिवळसर साका बसतो. कारण एकच: ऑर्थो आम्लात दोन ऑक्सिजन शेजारी-शेजारी असल्यामुळे ते लोखंडाला दोन्ही बाजूंनी धरू शकतात, पॅरा आम्लात ते वलयाच्या दोन टोकांना आहेत. वितळण्याचे तापमानही दूरदूरचे आहे, एकाचे १५९ अंश, दुसऱ्याचे सुमारे २१५.

याच दोन शेजारी ऑक्सिजनांत जागेच्या कोड्याचे उत्तर आहे. कोरड्या भुकटीत सोडियमचा आयन फिनॉक्साइडच्या ऑक्सिजनला चिकटून असतो. कार्बन डायऑक्साइड आला की त्याचाही एक ऑक्सिजन सोडियमशी जोडला जातो. असा धरलेला कार्बन डायऑक्साइड वलयाच्या ज्या कार्बनजवळ पोचतो तो ऑर्थोच. समोरचा पॅरा कार्बन त्याच्या आवाक्यात येत नाही. आणि जोडणी झाल्यावरही सोडियम त्या दोन शेजारी ऑक्सिजनांना एकत्र धरून ठेवतो, म्हणून ऑर्थो मीठ टिकते. पोटॅशियमचा आयन मोठा, त्याचा भार पसरट आणि पकड सैल. कमी आचेवर तो सोडियमसारखेच करतो, कारण वाट तीच सोपी आहे. पण ही अभिक्रिया उलटही फिरते. जास्त आचेवर ऑर्थो मीठ फुटून पुन्हा जुळत राहते, आणि अशा वेळी जे जास्त स्थिर तेच साचत जाते. पोटॅशियमच्या राज्यात दोन ऋण भार एकमेकांपासून लांब ठेवणारे पॅरा मीठ जास्त स्थिर ठरते. पॅरा आम्ल हवे असेल तर कारखाने आजही पोटॅशियमच वापरतात. औषधे आणि प्रसाधने टिकवणारी पॅराबेन त्याच आम्लापासून बनतात.

राडेबॉइलचा कारखाना फ्रीडरिक फॉन हेडेनचा. तो ड्रेस्डेनच्या पॉलिटेक्निकमध्ये रुडॉल्फ श्मिट या प्राध्यापकाकडे शिकला होता, आणि श्मिट मारबुर्गला कोल्बेच्या हाताखाली तयार झाला होता. मालाला गिऱ्हाईक होते. लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा धुवायला सुरुवात केल्याला काही वर्षे झाली होती, पण कार्बोलिक कातडी भाजून काढी. सॅलिसिलिक आम्ल फुटून फिनॉल देते, तेव्हा तेही जंतू मारील, अशी कोल्बेची अटकळ होती. अटकळीचे कारण चुकीचे होते, कारण शरीराच्या उष्णतेत ते आम्ल तसे फुटत नाही. परिणाम मात्र दिसला, आणि लाइपझिगचा शल्यविशारद कार्ल थिर्श जखमांसाठी ते वापरू लागला. १८७६ साली बर्लिनमधून संधिवाताच्या तापावर त्याचा गुण येत असल्याच्या बातम्या आल्या, आणि मागणी जखमांपुरती राहिली नाही. आता निम्मे फिनॉल पुन्हा पुन्हा गोळा करून, पुन्हा वाळवून, पुन्हा तापवण्याचा खर्च डोळ्यांत खुपू लागला.

श्मिटने कोडे उलट्या टोकाने धरले. फिनॉल पळून जाते म्हणून निम्मे परत येते. मग पळायला जागाच ठेवली नाही तर? त्याने कोरडे सोडियम फिनॉक्साइड बंद पात्रात घेतले आणि तापवण्याआधी, थंड असतानाच, त्यात दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला. थंड भुकटी वायू पिऊन घेते. फिनॉक्साइडच्या प्रत्येक कणाला कार्बन डायऑक्साइड सैलसर चिकटतो. श्मिटने या पदार्थाला फिनाइल कार्बोनिक आम्लाचे सोडियम मीठ मानले. मग पात्र बंदच ठेवून १२० ते १४० अंशांपर्यंत तापवले. काही तासांनी उघडले तेव्हा आत एका सोडियमचा सॅलिसिलेट होता, आणि सुटे फिनॉल जवळजवळ नव्हते.

दोन फरकांनी काम साधले. आच फिनॉलच्या उकळण्याच्या बऱ्याच खाली होती आणि पात्र बंद, त्यामुळे फिनॉल निघून जाऊन अभिक्रियेला चुकीच्या बाजूला ओढण्याचा प्रश्न मिटला. दुसरे, तापायला लागण्याआधीच जवळपास सगळे फिनॉक्साइड कार्बन डायऑक्साइडने धरलेले होते, त्यामुळे हायड्रोजन पळवून नेणारे मोकळे फिनॉक्साइड शेजारी उरलेच नव्हते. वायूचा दाब आणखी एका कामी येतो. हे सैल बंधन तापवल्यावर सुटू पाहते, आणि दाब असला की कार्बन डायऑक्साइड पुन्हा परत येतो. हिशेबात उतरवले, तर कोल्बेच्या पात्रात ज्या १८८ ग्रॅम फिनॉलमधून फार तर १३८ ग्रॅम आम्ल निघाले असते, त्यातून आता २७६ ग्रॅमपर्यंत निघू शकत होते. कॉस्टिकही निम्मेच लागत होते, कारण प्रत्येक आम्लामागे आता दोनऐवजी एकच सोडियम खर्च होई.

वाळवण्याची अट मात्र तशीच राहिली, किंबहुना कडक झाली. ओल्या भुकटीवर दाबाने वायू सोडला तर बायकार्बोनेट बनायला उलट मदतच होते. ढेकळे राहिली तर वायू आतपर्यंत पोचत नाही, मधला भाग कोराच राहतो आणि तापल्यावर तिथे मोकळे फिनॉक्साइड आपली जुनी करामत सुरू करते. म्हणून ढवळणी आणि दळणी या गोष्टी या कारखान्यात पात्राच्या दाबाइतक्याच महत्त्वाच्या.

श्मिटने पेटंट घेतले ते १८८४ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोल्बे वारला. पुढच्या वर्षी श्मिटने जो सविस्तर लेख छापला, त्याच्या शीर्षकात ही अभिक्रिया कोल्बेच्याच नावाची होती. आज दोघांची नावे जोडून घेतली जातात. सैलसर चिकटलेल्या त्या मधल्या पदार्थाचे खरे रूप काय, तो थेट वळून सॅलिसिलेट होतो की आधी कार्बन डायऑक्साइड सोडून मग वलयावर बसतो, यावर रसायनज्ञ विसाव्या शतकभर वाद घालत राहिले. श्मिटची कृती त्या वादाची वाट पाहत थांबली नाही. १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमानने ज्याचे ॲसिटिलीकरण करून ॲस्पिरिन बनवले, ते आम्ल याच घराण्यातले.

कोल्बेची ही धडपड चालू असतानाच बर्लिनमध्ये कार्ल रायमरला फिनॉक्साइडचा आणखी एक गुण सापडला. १८७६ साली त्याने कॉस्टिकमध्ये विरघळवलेल्या फिनॉलवर क्लोरोफॉर्म सोडला आणि वलयावर अल्डिहाइडचा गट, म्हणजे CHO, बसला. फर्डिनांड टीमान त्याच्या जोडीला आला आणि दोघांनी मिळून हे काम वाढवले. फिनॉलपासून मुख्यत्वे सॅलिसिलाल्डिहाइड मिळाले, म्हणजे पुन्हा ऑर्थोच. ग्वायाकॉल घेतले तर व्हॅनिलिन मिळाले. टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी होल्झमिंडेनला व्हॅनिलिनचा कारखाना काढला होताच. त्या धंद्यात आता रायमरही आला.

या कृतीत पाणी हवेच असते, आणि कोल्बेच्या कृतीत ते मुळीच चालत नाही. पहिल्यांदा हे विचित्र वाटते. पण कार्बन डायऑक्साइड स्वतःच आम्लधर्मी असल्याने पाण्यात तो फिनॉक्साइड मोडतो. क्लोरोफॉर्म तसे करत नाही. उलट कॉस्टिकच त्याच्यावर तुटून पडते. आधी त्याचा हायड्रोजन काढून घेतला जातो, मग एक क्लोराइड निघून जातो आणि मागे उरतो तो दोन क्लोरिन लावलेला, दोन बंध अपुरे असलेला कार्बन, डायक्लोरोकार्बिन. तो क्षणभरच जगतो, पण इलेक्ट्रॉनांसाठी आसुसलेला असतो. फिनॉक्साइडच्या ऑर्थो कार्बनने त्याला पकडले, की वलयावर CHCl2 गट येतो, आणि तेच कॉस्टिक दोन्ही क्लोरिन काढून तिथे अल्डिहाइड करून ठेवते. पाण्यातले फिनॉक्साइड कॉस्टिकच्या भरपूर साठ्यामुळे टिकून राहते.

प्रयोगशाळेत हे ६० ते ७० अंशांवर, क्लोरोफॉर्म थोडा थोडा घालत करतात. एकदम घातला तर अभिक्रिया भडकते. उत्पन्न सहसा बेताचेच. बरेचसे फिनॉल तसेच उरते, थोडा राळेसारखा काळपट चिकटा होतो आणि पॅरा अल्डिहाइडही थोडे येते. वेगळे करायची युक्ती मात्र सुरेख आहे. मिश्रण आम्लयुक्त करून त्यातून पाण्याची वाफ सोडली, की सॅलिसिलाल्डिहाइड वाफेबरोबर वर जाते आणि पॅरा भाऊ मागे राहतो. ऑर्थोमध्ये OH गट शेजारच्या CHO च्या ऑक्सिजनशी आतल्या आत बांधलेला असतो, म्हणून रेणू एकमेकांना धरत नाहीत. पॅरामध्ये प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूला धरून बसतो. वाफेबरोबर थोडे फिनॉलही येते. त्यावर सोडियम बायसल्फाइटचे द्रावण हलवले, तर अल्डिहाइड त्याच्याशी जुळून स्फटिक होऊन बसते आणि फिनॉल तसेच राहते.

क्लोरोफॉर्मपासून CCl2 सुटत असावा, ही सूचना गॉयथरने १८६२ सालीच, म्हणजे रायमरच्या शोधाच्या आधी, केली होती. ती मागे पडली. १९५० साली जॅक हाइनने कॉस्टिकमध्ये क्लोरोफॉर्म किती वेगाने मोडतो हे मोजून डायक्लोरोकार्बिन मधल्या वाटेत खरोखर बनतो, हे दाखवले. आणि १९५४ साली हान्स विनबर्गने रायमर-टीमान अभिक्रियेत वलयावर चढणारा पाहुणा तोच असल्याचे मांडले.